नानांच्या मोटारीबरोबर

रविवार, 4 मे 2025

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र नानांच्या मोटारीबरोबर येतंय. मोटार उतरवून घेशील तेव्हा पिकअपवाला खिशातून पाकीट काढून देईल. आधी मोटार नीट उतरव, केबलच्या टोकाला धरून ओढू नका, मग वाच. घाई नाही.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं "हो आण्णा, हो आण्णा" करतोस, आणि तुझी आई शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत असते. तिला अजून काही माहीत नाही. म्हणजे मला वाटतं की माहीत नाही. ती पस्तीस वर्षं माझ्या तोंडाकडे बघत आली आहे.

काल संध्याकाळी नानांच्या बोअरची मोटार जळाली. परवाच्या वावटळीत डीपीवरचा एक जंपर सुटला होता, दोनच फेज येत होते. नानांनी सिंगल फेज प्रिव्हेंटर कधीचाच काढून ठेवलेला, "सारखा ट्रिप होतो" म्हणून, आणि वरून ऑटो स्विच लावलेला. लाईट आली की मोटार नुसती घुं घुं करायची, फिरायची नाही, ओव्हरलोडवर पडायची, थंड झाली की परत तेच. मी गेलो तोवर सगळं झालं होतं. सिरीज लॅम्पचं एक टोक वायंडिंगला आणि दुसरं बॉडीला लावलं तर बल्ब पूर्ण पेटला. नानांना म्हटलं, संपली. रात्री चौघांनी मिळून पाईप ओढले.

पाण्याची सोय सध्या वरच्या मळ्यातून केली आहे, दोन दिवसांची. केळीचा कांदेबाग निसवायला लागलाय आणि ऊन चव्वेचाळीसच्या वर आहे. तेव्हा काम लवकर पाहिजे, पण लवकर म्हणजे घाईत नाही.

मोटार बाजेवर ठेवल्यावर नाना मला म्हणाले, "जळगावला तुझ्या पोऱ्याकडे टाकू का?"

बापू, तीन वर्षांपूर्वी याच माणसाच्या याच बोअरची केबल तू कापून नेली होतीस. त्या वेळीही कांदेबागच होता. चार दिवस पाणी नव्हतं आणि खालच्या अंगाची पानं कशी लोंबली होती ते मी रोज जाऊन बघायचो, का जायचो कोण जाणे. भंगारवाल्यानं तुला जे दिलं त्याच्या तिप्पट-चौपट नानांना नवी केबल घ्यायला लागले, आणि घड हलके राहिले ते वेगळंच. तोच माणूस आपण होऊन विचारतोय, तुझ्या पोऱ्याकडे टाकू का. मी लगेच हो म्हणायला हवं होतं. छाती फुगवून म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघतो." नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

का बघतो म्हटलं ते तुला माहीत आहे.

अखाजीच्या सकाळी तू घागर भरायला बसलेला होतास. तुझा शर्ट धुवायला टाकावा म्हणून मी तुझी बॅग उघडली. झडती घ्यायला नव्हे. हे मी स्वतःलाही चार दिवस सांगतो आहे. खाली निळ्या पिशवीत तांबं होतं. मी ते बाहेर काढलं, ताईनं पापडासाठी घेतलेल्या काट्यावर ठेवलं आणि परत होतं तसं ठेवलं. 420 ग्रॅम. तसंच ठेवलं म्हणतो, पण गाठ मात्र माझ्या हाताची बसली. खांबावर चढून चढून या हाताला एकच गाठ येते. तू गेल्यावर पिशवी उघडली असशील तेव्हा तुला कळलंच असेल, आणि म्हणूनच चार दिवस तुझा फोन नाही, असं मी धरून चाललो आहे. चुकत असेन तर बरंच.

ते कातरण असेल, असं मी आधी मनाला समजावलं. कातरण कामगारानं न्यायचं अशी काही दुकानांची रीत असते, आमच्या वेळेलाही होती. पण कातरण म्हणजे वीतभर, हातभर तुकडे. पिशवीत लांब वेटोळी होती. प्रत्येक वेढ्याला दोन्हीकडे स्टेटरच्या डोक्यावरून वळल्याचा बाक होता. नव्या तारेला असा बाक नसतो बापू, वर्षानुवर्षं स्लॉटमध्ये बसलेल्या तारेलाच असतो. कव्हर ब्लेडनं सोलून काढलेलं, आणि एका जागी तार काळी पडून थेंबासारखी वितळलेली. ती जागा म्हणजे मोटार जिथे शॉर्ट झाली ती जागा. ती कुणातरी शेतकऱ्याची जळालेली मोटार होती. एकतीस वर्षं लाईनीवर काढली, एवढं मला कळतं.

आता यावर लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. दुसरं लिहायचं होतं. ताईची पोरं अजून इथेच आहेत, लिंबाचा झोका अजून उतरू देत नाहीत. तुझ्या आईच्या गुडघ्याला तेल चालू आहे. शिरपूरच्या आत्याचा निरोप आहे की धरणगावच्या पाहुण्यांनी परत विचारलंय. मी म्हटलं, नोव्हेंबरनंतर बोलू.

नोव्हेंबर का, तेही तुला माहीत आहे. बंधपत्राची दोन वर्षं तेव्हा पुरी होतात. त्या कागदावर तुझ्या सहीखाली माझी सही आहे. जज्जसाहेबांनी शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, याचा अर्थ शिक्षा माफ झाली असा नाही, ती बाजूला ठेवली आहे, असं वकीलसाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं. अट मोडली तर मूळच्या गुन्ह्याची शिक्षा कोर्ट तेव्हा सुनावू शकतं. शुक्रवारी मी परत त्यांच्याकडे गेलो. तुझं नाव काढलं नाही, नुसतं विचारलं की असं असं कुणाचं झालं तर. ते म्हणाले, 1958 च्या त्या कायद्यात एक गंमत आहे. अट पहिल्यांदाच मोडली असेल तर कोर्ट पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र पुढे चालू ठेवू शकतं. पन्नास रुपये! मी हसलो, मग घरी येईपर्यंत तेच डोक्यात. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी हे धरलेलंच होतं की सोडलेला माणूस एकदा तरी घसरणार, आणि त्याची किंमतही लिहून ठेवली. वकीलसाहेबांनी पुढचंही सांगितलं. ही सूट कोर्टाच्या मर्जीवर, आणि अट मोडल्यापुरती. नवी चोरी असेल तर ती केस वेगळी उभी राहते. तेव्हा त्या पन्नास रुपयांवर विसंबू नकोस.

बघ, धमकीच दिली. तसं लिहायचं नव्हतं.

खरं सांगू, मला कोर्टाची तेवढी भीती नाही. 420 ग्रॅम तांबं म्हणजे भंगारात किती, काहीशे रुपये. भीती वाटते ती ते कुठून काढलंस याची. तू ते घटीतून काढलंस.

घट म्हणजे काय ते मी तुला लहानपणी सराफाच्या दुकानात दाखवलं होतं. आजीची पाटली मोडून आईची पोत केली तेव्हा. सोनार म्हणाला, आटवताना एवढी घट येणार. तू विचारलंस, "मग ते सोनं जातं कुठे?" सोनार हसला आणि तुझ्या हातावर खडीसाखर ठेवली. तीच पोत तुझ्या वकिलाला गेली. ते असो.

तुमच्या मोटारी भरायच्या धंद्यात घट कुठे आहे ते मी चार दिवस डोक्यात फिरवतोय. पाण्याच्या मोटारीची तार कव्हरची असते. जुनी तार काढली की शेगडीवर टाकून कव्हर जाळतात आणि उरलेलं तांबं तोलतात. कव्हराचं वजन थोडंच, पण किती थोडं ते कुणी लिहून ठेवत नाही. त्यात मोटार आधीच जळालेली, म्हणजे अर्धं कव्हर आतच गेलेलं. शेतकरी काळी गुंडाळी बघतो आणि म्हणतो, असेल एवढंच. जाळल्यावर तोललं की त्यातून दीडशे, दोनशे, चारशे ग्रॅम कुठे गेलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बिलात जुनं तांबं वजा होतं, त्यामुळे कमी निघालं की तेवढे पैसे शेतकऱ्यालाच जास्त पडतात. मिस्तरींचं काही जात नाही, म्हणून मिस्तरींना पत्ता नाही. रात्री पावसात भिजत केबल कापण्यापेक्षा हे किती सोपं. कुत्रं भुंकत नाही, बॅटरी लागत नाही, आणि आपण चोरी करतोय असं वाटतही नाही. म्हणून मला याची जास्त भीती वाटते.

आणि मला हे इतकं नीट का कळतं, तेही आता सांगतो. आईलाही हे कधी शब्दात सांगितलेलं नाही.

आपल्या अंगणातली कपडे वाळत घालायची तार. तू तिला लोंबकळून खांद्याचं हाड मोडून घेतलं होतंस, तीच. ती लाईनीची तार होती. तुझ्या जन्माच्या आधीच्या वर्षी वादळात आठ खांब पडले, आम्ही नवीन तार ओढली. जुनी तार स्टोअरला मोजून परत करायची असते. पण तुटलेली टोकं, पीळ सुटलेले तुकडे यांत मीटर-दोन मीटरची तफावत कुणी धरत नाही, ती घट. मी घटीत चाळीस फूट बसवली. सहा पदर ॲल्युमिनियमचे आणि मधला एक पोलादाचा. दोन-तीन पावसाळ्यांनी मधला पदर गंजला आणि गाठीपाशी आईच्या लुगड्यांवर तांबूस डाग पडायला लागले. ती दरवेळी म्हणायची, "ही तार बदला." मी म्हणायचो, "चांगली आहे की." सव्वीस वर्षं तुझे बाळुते, तुझे शाळेचे कपडे, कोर्टात घातलेला तो पांढरा शर्ट, सगळं त्याच तारेवर वाळलं.

तुला पकडून नेलं त्या रात्री हवालदार अंगणात उभा राहून मला म्हणाला, "साहेब, तुम्ही खात्यातले, आणि पोरगा तारा चोरतो?" त्याच्या डोक्यापासून हातभर वर ती तार होती. मी वर बघितलं नाही.

कालच्या दुपारी मी ती काढली. नायलॉनची दोरी बांधली. आई म्हणाली, "आता कशाला? इतकी वर्षं कटकट केली तेव्हा नाही." मी काही बोललो नाही. तार गुंडाळून कोठीत ठेवली आहे, तिचं काय करायचं ते कळत नाही. खात्याला परत नेऊन दिली तर वेड्यात काढतील. निवृत्त होऊन सात वर्षं झाली.

तुझ्यावर पांघरूण घालायला हे लिहिलं असं समजू नकोस. आणि माझ्यावर घालायलाही नाही. त्या चाळीस फुटांना आणि तू नेलेल्या तीन केबलींना मी एका काट्यावर ठेवत नाही. पण बॅगेतली पिशवी हातात धरून मी तुला हाक मारणार होतो, तोंड उघडलं होतं, आणि नजर अंगणात गेली. तिथं तुझाच शर्ट वाळत होता. म्हणून मी त्या दिवशी विचारलं नाही. दुपारी तू पारावर पत्ते खेळायला बसलास तेव्हाही विचारलं नाही. अखाजीला पत्ते खेळणं आपल्याकडे रीतच, मीही खेळलो आहे, पण तू दर डावाला खिशात हात घालत होतास आणि हात तसाच बाहेर येत होता. कुणाचे देणे आहेत का? असतील तर आकडा सांग. आकडा कितीही असो, ऐकून मी मरणार नाही. न ऐकून मात्र रात्री दोनला उठून बसतो.

एक गोष्ट माझ्याकडून चुकली असं वाटतं. कोर्टानं भरायला लावलेली नानांची नुकसानभरपाई मी भरली, आणि तू ती मला महिन्याच्या महिन्याला फेडत गेलास. तुझी ती शंभर पानी वही. प्रत्येक हप्त्याखाली रेघ, बाकी किती ते लाल पेनानं. होळीला शेवटचा हप्ता दिलास तेव्हा मी पेढे आणले, सगळ्या गल्लीला वाटले, "फिटलं" म्हणून. आता वाटतं की तू त्या वहीच्या आधारानं चालत होतास. सोळा महिने रोज सकाळी उठलं की काय करायचं ते माहीत होतं. वही संपली आणि हात रिकामे झाले. मी त्यावर पेढे वाटले. तू त्या दिवशी पेढा हातातच धरून बसला होतास, मी म्हटलं, "खा की रे." आता आठवतंय.

हे चूक असेल. बापाला पोराच्या मनातलं कळतं असं म्हणतात, मला केबल गेल्यावर सहा महिन्यांनी कळलं.

पण तुझा हात चांगला आहे हे मला कळतं, ते कुणी सांगायला नको. फेब्रुवारीत दुकानावर आलो होतो तेव्हा तू पाठमोरा बसला होतास, मी दहा मिनिटं तसाच उभा होतो. चोवीस स्लॉटचा स्टेटर मांडीत घेऊन एक एक वेढा सुईत दोरा ओवावा तसा या स्लॉटमधून घालून त्या स्लॉटमधून ओढत होतास. पट्टीनं हळूच दाबत होतास, कव्हर खरचटू न देता. पाण्यात बुडून चालणारी मोटार, एक ओरखडा पडला की आज नाही तर महिन्यानं बॉडीला लागणार. तोंडानं आकडा म्हणत होतास. मध्येच मिस्तरींनी काही विचारलं तर हात वर करून त्यांना थांबवलंस, वेढा पुरा केलास, मग बोललास. मिस्तरी माझ्याकडे बघून हसले. त्या दिवशी एस्टीत बसून मी खिडकीकडे तोंड करून आलो. शेजारचा म्हणाला, "बाबा, ऊन लागतंय का?"

त्या दिवशी गाडीत एकच विचार होता की पोरगा तांबं घालतोय. आयुष्यभर काढलं, आता घालतोय.

आता नानांच्या मोटारीचं. ही पाच एचपीची आहे, चार वर्षांपूर्वी एकदा भरलेली. माझं ऐकायचं तर ऐक, नाही तर तुझे मिस्तरी सांगतील तसं कर. जुनी तार काढलीस की जाळायच्या आधी तोल. कव्हरासकट. नाना समोर असतील तर उत्तमच. मग नवीन तार घालायच्या आधी रीळ तोल आणि घालून झाल्यावर परत तोल. समज आधी 10 किलो 250 भरलं आणि नंतर 6 किलो 150, म्हणजे 4 किलो 100 गेली. त्यातलं कातरण शंभर ग्रॅम बाजूला काढ. आत चार किलो बसली. गेज तोच आणि टर्न तेवढेच असतील तर जुनीही चार किलोच्या जवळपास निघाली पाहिजे. जळून गेलेलं कव्हर, स्लॉटला चिकटून राहिलेले तुकडे, यांचा थोडा फरक पडेल, समजू शकतो. पण साडेतीन भरली तर ती घट नव्हे.

यात एक अडचण आहे ती मलाही दिसते. मागच्या वेळी ज्यानं भरली त्यानं टर्न कमी घातले असतील, नाही तर बारीक गेज घातला असेल, तर हा हिशेब जुळणार नाही आणि आळ तुझ्यावर येईल. म्हणून तोडतानाच एका कॉईलचे टर्न मोज, तारेचा गेज मायक्रोमीटरवर घे आणि वहीत लिही. नवी वही घे. टर्न मारणाराही चोरच, फक्त त्याचं काम झाकलेलं असतं. मोटार फिरते, शेतकरी पैसे देतो, आणि मे महिन्यात तीच मोटार जास्त ॲम्पियर ओढून तापून जळते तेव्हा तो लाईनीला शिव्या देतो. मी एकतीस वर्षं त्या शिव्या खाल्ल्या आहेत. त्यातल्या निम्म्या तरी माझ्या नव्हत्या. भरून झाली की रात्रभर पाण्यात ठेव आणि सकाळी मेगर लाव. चालवल्यावर तिन्ही फेजवर टाँग टेस्टर लाव, आकडे सारखे आले पाहिजेत. तुला हे सगळं येतं. मी तरी लिहितोय. माफ कर, हात थांबत नाही.

प्रिव्हेंटर मी स्वतः बसवणार आहे, नानांना विचारणार नाही.

आणि ते 420 ग्रॅम. जर अजून तुझ्याकडे असेल तर मिस्तरींसमोर ठेव. कुणाच्या मोटारीचं होतं तेवढं सांग. सांगता येत नसेल तर मला एक मिस कॉल दे, मी पहिल्या गाडीनं येतो आणि तुझ्या शेजारी उभा राहतो, बोलणार तूच. विकलं असशील तर विकलं म्हण, पैसे मी देतो, वहीत लिहू. आणि मिस्तरींनी उद्यापासून येऊ नको म्हटलं तर घरी ये, वरच्या मळ्यात ड्रिपच्या नळ्या साफ करायच्या पडल्या आहेत. सालदार अखाजीला सोडून गेला, दुसरा अजून ठरलेला नाही.

बघ, मी लगेच नोकरी जाण्यापर्यंत पोहोचलो. कदाचित मिस्तरींनीच ते तुला दिलं असेल, आणि मी बाप असून हवालदारासारखा बोलतोय. तसं असेल तर हे पत्र फाडून टाक आणि मला फोनवर चार शिव्या घाल. मी आनंदानं ऐकून घेईन, आईसमोर, स्पीकर लावून.

आई काल रात्री अंधारात म्हणाली, "मन्हा पोऱ्या चोर नही शे." मी काही विचारलंच नव्हतं. मग ती कूस बदलून झोपली. म्हणजे तिला माहीत आहे.

आज सकाळी मी नानांना जाऊन हो म्हटलं. त्यांना पिशवीचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते माझं मलाच ठरवता येत नाही. त्यांच्यापासून लपवलं म्हणून आता मीही यात आलो. तू जे करशील त्यावर माझंही ठरेल, आणि हे ओझं तुझ्यावर टाकायचं नव्हतं, पण टाकलं.

पिकअप उद्या सकाळी सहाला निघेल. सोबत डब्यात सांजोऱ्या आहेत, अर्ध्या मिस्तरींना दे. नाना मंगळवारी दुपारच्या गाडीनं स्वतः येतील, तोवर मोटार उघडू नकोस. त्यांच्यासाठी चहा बिनसाखरेचा सांग. डाव्या कानानं आता त्यांना कमी ऐकू येतं, तेव्हा काट्यावरचा आकडा सांगताना उजव्या बाजूला उभा राहा.

तुझा,
आण्णा